चटणीचं नाव कुठं गेलं? शीर्षक कापताना काय ठेवायचं, काय सोडायचं

नमस्कार तायांनो,

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट आहे. आपल्या प्रभागातल्या एका गटाने शेंगदाणा चटणी करून ठेवली होती, चांगली दहा किलो. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, वास दारापर्यंत यायचा. गटातल्या एका ताईच्या मुलीने कुटतानाचा व्हिडिओ काढला आणि यूट्यूबवर टाकला. व्हिडिओ खरंच छान होता. पण आठ दिवस झाले तरी विचारणा नाही. मी गटात गेले तेव्हा अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, चटणी खवट व्हायच्या आत काहीतरी करा. हप्ता पण आहे या महिन्यात."

मी फोनवर व्हिडिओ उघडला. व्हिडिओखालचं शीर्षक वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. त्यात गटाचं नाव होतं, स्वच्छता होती, घरगुती पद्धत होती, चविष्टपणाही होता. चटणी मात्र कुठेच नव्हती.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण मला वाटतं आपल्या बऱ्याच गटांचं असंच होत असणार. त्या मुलीने आधी लिहिलं होतं ते असं (गटाचं नाव मी गाळते, त्याच्या जागी टिंबं देते):

"…… महिला स्वयंसहायता बचत गट यांनी घरगुती पद्धतीने स्वच्छ वातावरणात बनवलेली चविष्ट व रुचकर सोलापुरी शेंगदाणा चटणी"

यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरांच्या वर जागा देत नाही. हे शीर्षक गटाचं नाव सोडूनच १०९ होतं. गटाचं नाव आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून १२, म्हणजे एकूण १२१. यूट्यूब ते घेईना. मग तिने आपण सगळेच करतो तेच केलं. शेवटाकडून खोडत आली. "चटणी" गेलं, तरी बसेना. "शेंगदाणा" गेलं, तरी बसेना. "सोलापुरी" गेलं आणि ९८ वर बसलं. तिला वाटलं, चला, झालं काम. राहिलं ते "चविष्ट व रुचकर" एवढ्यावर संपणारं वाक्य. काय चविष्ट, ते कुणालाच कळायला मार्ग नाही.

यात त्या मुलीची चूक नाही. आपली मराठी भाषाच अशी आहे की मुख्य नाम शेवटी येतं. कुणी केली, कशी केली, कुठे केली, कशी लागते, हे सगळं आधी येतं आणि वस्तूचं नाव सगळ्यात मागे. बोलताना ते छान वाटतं. पण मोबाइलवर कापाकापी नेहमी मागून होते, आपण केली तरी आणि मशीनने केली तरी. म्हणून जे नाव गेलं तर सगळंच गेलं, ते पुढे पाहिजे.

मशीन अक्षरं कशी मोजतं

बऱ्याच ताया मला विचारतात की आम्ही मोजली तर साठच अक्षरं झाली, तरी फोन जास्त का दाखवतो? कारण आपण जसं मोजतो तसं तो मोजत नाही.

"चटणी" हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. मशीन मोजतं चार, कारण "ण" वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे प्रत्येक एकेक धरलं जातं. जोडाक्षरात तर आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण. ती दिसत नाही, पण मोजली जाते. म्हणून "स्वच्छ" हा शब्द डोळ्याला दोनच अक्षरांचा, पण मोजणीत सहा होतो. "ज्ञ" हे एकटं अक्षर तीन धरलं जातं. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक. फुलं, हात जोडलेले, असली चित्रं टाकतो ना आपण, ती सहसा दोन तरी खातात.

कधी कधी आपल्याला आखूड वाटतं ते आखूड नसतं. एका ताईने जागा वाचवायला "पाव किलो" खोडून "२५० ग्रॅम" लिहिलं. "पाव किलो" आठ होतात आणि "२५० ग्रॅम" नऊ! ग्रॅममधलं जोडाक्षर नडलं.

(जाता जाता एक. बैठकीचा साधा एसएमएस पाठवताना हाच घोळ होतो. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० बसतात, देवनागरीत फक्त ७०. म्हणून आपला मराठी निरोप दोन-तीन मेसेजचे पैसे खातो.)

हे बोटांवर मोजत बसायची गरज नाही. यूट्यूबवर शीर्षक लिहिताना चौकटीपाशीच 49/100 असा आकडा दिसतो. पहिला आकडा आपण वापरलेला, दुसरा मर्यादा. लिहिताना त्याच्याकडे लक्ष असू द्या.

मर्यादा एक, दिसतं वेगळंच

आता खरी गंमत इथे आहे. यूट्यूब १०० अक्षरं घेतं, पण बघणाऱ्या बाईला यादीत तेवढी दिसतातच असं नाही. शोधताना किंवा स्क्रीन सरकवताना शीर्षकाच्या साधारण दोन ओळी दिसतात आणि पुढे तीन टिंबं येतात. किती दिसतील हे फोनच्या रुंदीवर आणि तिने अक्षरं मोठी करून ठेवलीत का यावर आहे. आपल्या आत्या, मावश्या अक्षरं मोठीच ठेवतात. म्हणून मी एक अंदाज धरून चालते: वस्तूचं नाव आणि तिचं वेगळेपण पहिल्या चाळीस अक्षरांत आलं पाहिजे. हा यूट्यूबचा नियम नाही, माझा हिशोब आहे.

व्हिडिओखालच्या वर्णनाला यूट्यूब ५००० अक्षरं देतं. तिथे जागेची चणचण नाहीच. पण वर्णन उघडल्याशिवाय पहिल्या एक-दोन ओळीच डोळ्यासमोर येतात, म्हणून तिथेही पहिलं वाक्य कामाचं हवं.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २२०० अक्षरं चालतात. त्यातली पहिली साधारण १२५ दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. रीलवर तर त्याहूनही कमी, एखादी ओळच. फेसबुकची मर्यादा ६३ हजारांच्या पुढे आहे, म्हणजे आपल्यासाठी ती नाहीच असं समजा. पण लांब पोस्ट तिथेही मध्येच मिटून जाते. व्हॉट्सअॅप स्टेटसला नुसता मजकूर लिहिला तर ७०० पर्यंत बसतो, पण स्टेटस काही सेकंदांत पुढे सरकतं. ७०० अक्षरं वाचून कोण होणार?

आकडे पाठ करू नका. प्रत्येक ठिकाणी दोन मापं असतात, एक आत किती मावतं त्याचं आणि दुसरं बाहेरून किती दिसतं त्याचं. गिऱ्हाईक दुसऱ्या मापावर ठरवतं, उघडायचं की पुढे जायचं.

मुख्य शब्द कोणता, हे आधी ठरवा

कापायला बसण्याआधी एक शब्द किंवा दोन-तीन शब्दांचा एक जोड पक्का करायचा, ज्याला हात लावायचाच नाही. यालाच कीवर्ड म्हणतात. सोपं करून सांगायचं तर, ज्या बाईला तुमची वस्तू हवी आहे पण तुमचं नाव माहीत नाही, ती शोधायच्या चौकटीत काय टाइप करेल, तो शब्द.

चटणीच्या गटात यावर बराच वाद झाला. अध्यक्ष ताईंचं म्हणणं, गटाचं नाव हाच मुख्य शब्द. मी त्यांना विचारलं, "ताई, पुण्यातल्या सोसायटीतल्या बाईला आपल्या गटाचं नाव माहीत आहे का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या गावात माहीत नाही, पुण्याचं काय घेऊन बसलात." पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. गटाचं नाव दिसलंच पाहिजे, मेहनत गटाची आहे. तर त्याची सोय अशी की यूट्यूबवर चॅनेलचं नाव शीर्षकाच्या खाली आपोआप दिसतं. चॅनेल मुलीच्या नावावर होतं, ते बदलून गटाच्या नावाने केलं. शीर्षकातली १२ अक्षरं मोकळी झाली आणि गटाचं नाव प्रत्येक व्हिडिओखाली आलं.

मग दुसरा वाद. गटातल्या बायका घरी "शेंगा चटणी" म्हणतात. तेच लिहावं असं दोघींचं मत, आणि ते आखूडही आहे. "शेंगा चटणी" दहा अक्षरं, "शेंगदाणा चटणी" तेरा. पण आपण विकणार कुणाला? आम्ही तिथेच बसून शहरात राहणाऱ्या नातेवाइकांना फोन लावले, कुणाची नणंद, कुणाची भाची. प्रश्न एकच: "तुला ही चटणी मोबाइलवर शोधायची असेल तर काय लिहिशील?" बहुतेकींनी शेंगदाणा सांगितलं, एक-दोघी म्हणाल्या आम्ही इंग्रजी अक्षरांत shengdana chutney असं लिहितो. तीन अक्षरं वाचवून गिऱ्हाईक गमावण्यात काय अर्थ? "शेंगदाणा चटणी" ठरलं. फोन न करता बघायचं असेल तर यूट्यूबच्या शोधात "शेंगदाणा" एवढंच टाइप करून थांबा. खाली जे पर्याय येतात ते लोकांच्या शोधातून आलेले असतात.

"सोलापुरी" ठेवायचं की नाही? ते नऊ अक्षरं खातं, मोकळी जागा धरून. मी म्हटलं ठेवा. नुसतं "शेंगदाणा चटणी" शोधलं की रेसिपीचे व्हिडिओ येतात, ते बघणारी बाई स्वतः करायला बसलेली असते. "सोलापुरी" शोधणारीला ती विशिष्ट चव हवी असते आणि ती विकत घेण्याची शक्यता जास्त. आमचा गट सोलापूर जिल्ह्यातलाच, म्हणून हे लिहायला हरकत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ताईंनी फक्त शोधात यावं म्हणून हा शब्द चिकटवू नये. वस्तूशी न जुळणारं शीर्षक यूट्यूबच्या नियमातही बसत नाही आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाच्या जिभेलाही कळतं.

आता कापूया

मुख्य शब्द कागदावर लिहून त्याभोवती गोल केला: सोलापुरी शेंगदाणा चटणी. बावीस अक्षरं. उरलेल्या प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारला: हे शेजारचा गट पण म्हणेल का?

"चविष्ट व रुचकर" सगळेच म्हणतात. शिवाय दोन्हीचा अर्थ एकच. चौदा अक्षरं गेली. "स्वच्छ वातावरणात" सोळा अक्षरं. स्वच्छता महत्त्वाची आहे, पण ती लिहून पटत नाही, व्हिडिओत डोक्याला बांधलेला रुमाल दिसला की पटते. गेलं. "घरगुती पद्धतीने" पंधरा. यावर मी थोडी अडखळले, कारण घरगुती हा शब्द लोक शोधतात. पण घरगुती म्हणजे नक्की कसं? गटातली एक आजी म्हणाली, "मिक्सरची नाही, उखळातली आहे, तेच सांगा की." बघा, "उखळात कुटलेली" तेरा अक्षरं. "चविष्ट व रुचकर" पेक्षाही एक कमी, आणि हे शेजारचा गट म्हणू शकत नाही, त्यांच्याकडे मिक्सर आहे.

शेवटी क्रियापदांची शेपटी. आपल्या लिहिण्यात "यांनी बनवलेली", "तयार करण्यात आलेली", "यांच्यामार्फत" असं फार येतं, अहवाल लिहून लिहून सवय लागली आहे. "गटाच्या महिलांनी बनवलेली" चोवीस अक्षरं, "गटाची" पाच. अर्थ तोच.

नवं शीर्षक असं झालं:

"सोलापुरी शेंगदाणा चटणी – उखळात कुटलेली, बचत गटाची"

एकूण ४९. आधीच्या निम्म्याहून कमी, आणि पहिल्या ३८ अक्षरांत वस्तू आणि वेगळेपण दोन्ही आलं. मागून कुठेही तुटलं तरी चटणी राहते.

दोन गोष्टी मात्र करू नका. मुख्य शब्दच आखडू नका, म्हणजे "शेंग. चटणी" किंवा "सो. शें. चटणी" असं काही. आपल्या रजिस्टरमध्ये ठीक आहे, पण असं कुणी शोधत नाही. आणि वाक्यात बसवण्यासाठी मुख्य शब्दाला प्रत्यय लावून वाकवू नका. "शेंगदाण्याच्या चटणीची चव" लिहिलं की शब्दाचं रूप बदलतं. मशीन बऱ्याचदा जुळवून घेतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. शिवाय शोधणारीने जो शब्द टाइप केला, तोच जसाच्या तसा समोर दिसला की तिची नजर तिथे थांबते.

मग ती बाकीची रूपं टाकायची कुठे? वर्णनात, ५००० ची जागा आहेच. पहिल्या ओळीत मुख्य शब्द, वजन आणि किंमत. त्याखाली सरळ वाक्यात: "आमच्याकडे हिला शेंगा चटणी म्हणतात, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी shengdana chutney म्हणून शोधतं." त्याखाली गटाचं पूर्ण नाव, गाव, गटाचा संपर्क, एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, आणि अध्यक्ष-सचिवांची नावं. सगळ्यांचा मान राहिला. फक्त शब्दांचा नुसता ढीग करू नका, पन्नास शब्द स्वल्पविराम देऊन ओतले तर यूट्यूब त्याला नियमभंग धरू शकतं.

इन्स्टाग्रामवर नमस्कार खाली घ्या

तोच व्हिडिओ मुलीने इन्स्टाग्रामवर टाकला होता. कॅप्शनची सुरुवात अशी: "नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात सगळ्या? आज आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत आमच्या गटातील महिलांनी अतिशय प्रेमाने आणि कष्टाने बनवलेली…"

मी मोजलं. "बनवलेली" पर्यंत १३० होतात. दिसणार साधारण १२५. म्हणजे चटणीचं नाव इथेही पडद्याआड. (हा लेख मीही "नमस्कार तायांनो" ने सुरू केला, पण कागदावर कुणी कापत नाही.)

इथे काही खोडायची गरजच नव्हती, २२०० ची जागा आहे. फक्त क्रम उलटा केला. वर हे आलं:

"सोलापुरी शेंगदाणा चटणी, उखळात कुटलेली. पाव किलो १०० रुपये. ऑर्डरसाठी मेसेज करा."

ही ७९ अक्षरं, आरामात दिसतात. मग एक ओळ मोकळी, आणि खाली तिचा नमस्कार, प्रेम, कष्ट सगळं तसंच. व्हॉट्सअॅप स्टेटसला वरच्या तीन वाक्यांपुढे काहीच नको.

यूट्यूबचं शीर्षक आणि इन्स्टाग्रामचं कॅप्शन दोन्ही नंतर बदलता येतं, व्हिडिओ काढून पुन्हा टाकायची गरज नसते. म्हणून जुने व्हिडिओही दुरुस्त करता येतील. बदल केल्यावर आपल्या फोनवर न बघता गटातला सगळ्यात लहान स्क्रीनचा फोन घ्या, अक्षरं मोठी करा, आणि व्हिडिओ न उघडता नुसत्या यादीत बघा. ज्या ताईला व्हिडिओबद्दल काहीच माहीत नाही तिला विचारा, हे कशाबद्दल आहे? तिने वस्तूचं नाव सांगितलं तर जमलं. ती "कुठल्यातरी गटाचं आहे वाटतं" म्हणाली तर अजून कापायचं आहे.

आता चटणीचं काय झालं ते. शीर्षक बदलल्यावर एकदम रांग लागली असं काही नाही. शीर्षकाने व्हिडिओ सापडतो, ओळखू येतो, विकला जाईलच असं नसतं. पण तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "ती उखळातली चटणी तुमचीच का?" त्यांनी दोन किलो मागवली, त्यांच्या बहिणीने एक. उरलेली काही तालुक्याच्या बाजारात गेली, काही गटातच वाटून घेतली. हप्ता वेळेवर गेला.

तुमच्या गटाचं एखादं शीर्षक बसत नसेल तर पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना ते कागदावर लिहून आणा, फोनमध्ये नको. आणि मुख्य शब्दाभोवती गोल तुम्हीच करून आणा.